उतरणीवरील ब्रेक : गोळीपासून सेन्सरपर्यंत

चढावर थांबलेली मोटार पुढे काढताना चालकाचा पाय ब्रेकवरून उचलला जाऊन ॲक्सिलरेटरवर पडेपर्यंत जो अल्प अवधी जातो, तेवढ्यात दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर पंधराशे किलोच्या गाडीला सुमारे दीडशे किलो वजनाइतका जोर मागे खेचत असतो आणि पहिल्या सेकंदातच ती सुमारे अर्धा मीटर घसरते.

या अवधीचा एक जुना बंदोबस्त अमेरिकेत १९३६ साली स्टुडबेकर कंपनीच्या मोटारींत झाला. ब्रेकच्या नळीत एक पोलादी गोळी ठेवलेली असे. गाडीचे तोंड चढाकडे असले म्हणजे ती स्वभारानेच मागे गडगडे आणि क्लच दाबलेला असेतोवर द्रवाची परतीची वाट अडवून धरी. क्लच सोडताच त्याला जोडलेला सांधा तिला बाजूला सारी व ब्रेक सुटत. मात्र त्या सांध्याचे समायोजन बिघडले, की ब्रेक अवेळी सुटत किंवा चिकटून राहत.

१९७८ साली बॉशचे अँटिलॉक ब्रेक मर्सिडीझ गाड्यांत आले, तेव्हा चाकांची गती मोजणारे सेन्सर आणि दाब क्षणोक्षणी सोडणारे व्हाल्व्ह उपलब्ध झाले. पुढे ट्रॅक्शन कंट्रोलने पायाची मदत न घेता पंपाने दाब निर्माण करण्याची सोय जोडली. लँड रोव्हरने १९९७ च्या फ्रीलँडरमध्ये, जिला चढ-उतारासाठीचे लो-रेंज गिअर नव्हते, याच सामग्रीतून हिल डिसेंट कंट्रोल उभे केले. चालकाने पहिला गिअर टाकून बटण दाबले, की गाडी ताशी सुमारे ९ किलोमीटरहून वेगाने जाऊ लागताच पंप खडखडत सुरू होई आणि जे चाक जितके सोसेल तितकाच दाब त्याला मिळे.

आजचे हिल स्टार्ट असिस्ट गाडीची तिरकस स्थिती ॲक्सेलरोमीटरने ओळखते आणि चालकानेच दिलेला दाब व्हाल्व्ह मिटून सुमारे दोन सेकंद धरून ठेवते; इंजिनाचा जोर पुरेसा होताच तो हळूहळू सोडला जातो. येथेच हिल स्टार्ट असिस्ट आणि हिल डिसेंट कंट्रोल या दोहोंतील मूलभूत भेद आहे: एक यंत्रणा पायाने दिलेल्या दाबाची राखण करते, दुसरी तो स्वतः घडविते. म्हणून ब्रेक हलकाच दाबला असेल, किंवा चालक दोन सेकंदांहून अधिक रेंगाळला, तर पहिलीच्या भरवशावर राहू नये.

दुसरीची मर्यादा उष्णतेत आहे. लांब उतारावर ब्रेक अति तापले, तर अनेक गाड्यांत ती सूचना देऊन माघार घेते. आणि चिखलात टायरची पकडच नसेल, तर कितीही दाब घडविला तरी तो निरुपयोगी ठरतो. यास्तव उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे यंत्रणेने हात आखडला तरी इंजिनाचा अवरोध गाडीच्या स्वाधीन राहतो.