अंतर मोजायचं ते भिंतीपासून

आमच्या गावातल्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच पानटपरी आहे. तक्रार केली, तर उत्तर मिळालं, ‘फाटकापासून रस्त्याने दीडशे मीटर भरतंय.’ हे मोजमापच चुकीचं आहे. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही. आणि हे अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी धरायचं असतं. मोडल्यास दंड जास्तीत जास्त २०० रुपये! तेवढे भरले की संध्याकाळी टपरी पुन्हा उघडते. गोळ्यांच्या बरणीवर तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकतात. नुसत्या पावत्या फाडून भागणार नाही. नगरपालिकेने भिंतीपासून टेप धरावी आणि टपरी तिथून हलवावी.