माईक हातात आला की आठवते तीच ओळ!

गॅदरिंग असो, सेमिनार असो की हॉस्टेल डे, प्रास्ताविक करणाऱ्याला सुरुवातीला एखादी म्हण किंवा कवितेची ओळ लागतेच. मलाही लागायची. एका हॉस्टेल डेला मी कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ कवितेचा शेवट पाठ करून गेलो होतो. माझ्या आधी बोललेल्या दोघांनी तोच म्हटला. मी पहिले दोन शब्द उच्चारले आणि मागच्या बाकांवरच्या पोरांनी पुढची ओळ कोरसमध्ये पूर्ण केली!

त्या रात्री मेसमध्ये जेवताना यथेच्छ टिंगल झाली. पण त्यातून एक चाचणी हाती लागली. तुमच्याआधी सभागृहच ओळ पूर्ण करत असेल, तर त्या ओळीने काही सांगितलेलं नसतं. आणि खरं तर ती कविता पुरात घर वाहून गेल्यावर सरांना भेटायला आलेल्या माजी विद्यार्थ्याची आहे. फ्रेशर्स पार्टीत तिचं काय काम? कलामसाहेबांचं स्वप्नांवरचं वाक्य आणि रामदासांची प्रयत्नांवरची ओवी यांचीही आपण हीच गत केली आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणी तर सगळ्यांनाच पाठ असतात, मग त्याही शिळ्याच की! तसं नाही. म्हण माहीत असणं हा दोष नाही, उलट ती चटकन कळते. ती नेहमीच्याच अर्थाने, नेहमीच्याच जागी आली की शिळी होते. तीच म्हण आजच्या विषयाला नेमकी लावली की ऐकणारा मान वर करतो.

एक उदाहरण घेऊ. जलसंधारणावर व्याख्यान होतं आणि पाहुण्यांची ओळख माझ्याकडे होती. पहिला मसुदा असा होता: ‘थेंबे थेंबे तळे साचे. पाणी म्हणजे जीवन...’ पाणी म्हटल्यावर पाण्याची म्हण, इतकाच माझा विचार. पण ती म्हण थोड्या थोड्या साठवणीची आहे. पाहुण्यांचा मुद्दा वेगळाच होता. आपल्याकडे बहुतेक पाऊस चार महिन्यांत धो धो पडतो आणि वाहून जातो. तो जमिनीत मुरवल्याशिवाय बोअर कितीही खोल नेली तरी उपयोग नाही.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. आधी म्हण न वापरता ओळख लिहिली. त्यातलं मुख्य वाक्य शोधलं: मुळातच भर पडत नसेल, तर वर काय येणार? आता याच तर्काची म्हण हवी होती. इथे ‘पाणी’ हा शब्द शोधायचा नसतो, वाक्यातलं नातं शोधायचं असतं. मग म्हण आपोआप आठवली:

“‘आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण आपण एरवी माणसांना टोमणा मारायला वापरतो. आज ती शब्दशः घ्या. आपल्या हॉस्टेलमागच्या बोअरचा पंप मार्चमध्येच हवा ओढायला लागतो, कारण गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात जातं, जमिनीत नाही. ते जमिनीत कसं मुरवायचं, हे सांगायला आज आपल्याकडे आले आहेत...” आणि पुढे पाहुण्यांचं नाव.

यातलं दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. ही म्हण मुळात अक्कल नसलेल्याला उद्देशून वापरतात. ते वाक्य गाळून लगेच पाहुण्यांचं नाव घेतलं असतं, तर टोमणा त्यांनाच बसला असता! म्हणून म्हण कुणाला उद्देशून वापरतात हे आधी पाहावं. शंका असेल तर लायब्ररीत दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ चाळावा. कवितेची ओळ घेणार असाल तर मूळ पुस्तक उघडून शब्द आणि कवी दोन्ही पडताळा. फॉरवर्ड होऊन आलेल्या ओळींखाली भलत्याच कवीचं नाव असतं.

लिहून झालं की शेवटची परीक्षा. हीच सुरुवात उद्या रक्तदान शिबिराला चालेल का? चालत असेल तर खोडा. माझी बोअरवाली सुरुवात तिथे चालली नसती. आणि म्हणीपासून पाहुण्यांच्या नावापर्यंत चार-पाच वाक्यांत पोचा. लोक पाहुण्यांना ऐकायला आलेले असतात.

काही जागी म्हण नकोच. शोकसभेत साधं बोलावं. प्रोजेक्ट रिपोर्टच्या प्रस्तावनेतही नको, तिथे गाइडला प्रश्न काय आहे आणि तो किती मोठा आहे, हे आकड्यांत हवं असतं.

असो. येत्या हॉस्टेल डेला माईक कुणाच्या हाती असेल ते ठाऊक नाही. पण मागच्या बाकांवरची पोरं तीच आहेत, आणि ‘कणा’ त्यांना अजून पाठ आहे!