‘काही नको’ म्हणणाऱ्या जावयाचे वाण

अधिक मासाची चाहूल लागली की घरोघरी एकच विचार सुरू होतो: यंदा जावयाला वाण काय द्यावे? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी साचणाऱ्या या अकरा दिवसांचा मेळ बसावा म्हणून साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक महिना अधिक धरतात. २०२३ साली श्रावण अधिक होता. २०२६ साली ज्येष्ठ अधिक. या मासाचा स्वामी पुरुषोत्तम. लेक-जावयांना लक्ष्मीनारायण मानून त्यांना तेहेतीस अनारशांचे दान देण्याची आपल्याकडे रीत आहे.

आमच्या परिचयातील एका घरी २०२३ च्या अधिक श्रावणात पेच पडला. पहिल्या अधिकाला चांदीचे ताट दिले होते, दुसऱ्याला समई, तिसऱ्याला तांब्या-भांडे. या वेळी जावयांनी आधीच निरोप धाडला, “आई, काही आणू नका. मागचे ताट अजून बँकेतच आहे.” सासूबाई हिरमुसल्या. वाण चुकवायचे कसे? आणि नको म्हणणाऱ्याच्या हाती बळेच दिले, तर त्याला दान कसे म्हणायचे?

घरातील वृद्ध आत्याबाईंनी गाठ सोडविली. मूळ दान अपूपांचे, म्हणजे अनारशांचे. पात्र सांगितले आहे ते काशाचे. चांदी मागाहून आली आणि तिने अनारशांनाच मागे सारले. मिठाईच्या दुकानातून आणलेले तेहेतीस नग ताटात रचले की झाले, अशी वेळ आली. आत्याबाई म्हणाल्या, “सूनबाई, या खेपेला ताट राहू दे. अनारसे तू स्वतः कर.”

यासाठी पैसा थोडा लागतो, पण दिवस पुष्कळ लागतात. अर्धा किलो जुना तांदूळ तीन दिवस भिजवावा आणि रोज पाणी बदलावे. न बदलल्यास पिठाला आंबूस वास येतो. चौथ्या दिवशी निथळून तो सावलीत पंच्यावर पसरावा. दाणा हाताला चिकटू नये, पण बोटांना त्याची ओल जाणवावी. अशा वेळी कुटून बारीक चाळावा. पिठाच्या जवळजवळ वजनाइतका किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळावे व गोळे करून चार-पाच दिवस डब्यात मुरू द्यावे. म्हणजे वाणाच्या नऊ-दहा दिवस आधी तांदूळ भिजला पाहिजे. एवढ्या पिठात तेहेतीस अनारसे होऊन परीक्षेपुरते दोन-तीन उरतात.

ही परीक्षा मात्र टाळू नये. खसखशीवर थापलेला एक अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेच्या तुपात सोडावा आणि झाऱ्याने त्यावर तूप उडवीत राहावे; उलटू नये. जाळी पडली तर पीठ साधले. तो तुपात पसरून विरला, म्हणजे अनारसा ‘हसला’, तर गूळ जास्त झाला असे समजून थोडी तांदळाची पिठी मिसळावी. जाळी न पडता घट्ट राहिला, तर पिठाला दुधाचा हलका हात लावावा. त्या घरी पहिले दोन हसले, तिसरा साधला.

चांदीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम उरली होती. ती परस्पर एखाद्या संस्थेला देऊन पावती जावयांच्या हाती ठेवावी, असे कोणी सुचविले. आत्याबाईंना ते रुचले नाही. ज्याच्या नावे द्यायचे त्याला आधी विचारले पाहिजे. विचारताच जावई क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आई, ज्या वसतिगृहात मी तीन वर्षे जेवलो, तिथे मुलांना एक दिवस जेवण देऊ या.” तेथील व्यवस्थापकांकडे आधी चौकशी केली, हे बरे झाले. अधिकात शिजविलेले गोड अन्न देणारे पुष्कळ येतात आणि ते वाया जाते. त्यांना तूरडाळ आणि तेल हवे होते. त्याप्रमाणे कोरडा शिधा दिला.

वाणाच्या दिवशी घरातल्याच काशाच्या ताटात तेहेतीस अनारसे ठेवून वर दिवा लावला आणि ते लेक-जावयांच्या हाती दिले. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, प्रजापती आणि वषट्कार अशी त्या तेहेतिसांची संगती आत्याबाईंनी नातवंडांना सांगितली. जावयांना मधुमेहाचे पथ्य. त्यांनी एकच खाल्ला आणि बाकीचे ताट उचलून वसतिगृहात नेले. त्या दुपारी सासूबाईही त्यांच्याबरोबर मुलांच्या पंगतीत जेवल्या. परतताना जावई म्हणाले, “आई, इतक्या वर्षांत मी कुठे जेवत होतो ते तुम्ही आज पाहिलेत.”

पुढच्या अधिकाला काय द्यायचे, हा प्रश्न त्या घरी आता उरलेला नाही. तांदूळ कोणत्या दिवशी भिजवायचा, एवढेच पंचांगात पाहायचे असते.