परत येऊ का, सर?

‘नमस्कार सर, कसे आहात? तिकडे सध्या काही ओपनिंग आहे का?’

रविवारी रात्री आलेला हा मेसेज आमच्या डिझाइन विभागाच्या प्रमुखांनी सोमवारी सकाळीच मला दाखवला. मुलगी आमच्या भोसरीच्या कारखान्यात ४ वर्षं २ महिने फिक्श्चर डिझाइन करायची. वर्षापूर्वी राजीनामा देऊन हिंजवडीला गेली. साहेबांना आनंद झाला होता, लगेच ‘ये की’ म्हणून कळवायला निघाले होते. मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं. मी एचआरमध्ये आहे, आणि अशा मेसेजमध्ये मला एकच गोष्ट शोधायची असते: माणूस ज्या कारणानं गेला, ते कारण आता उरलं आहे का?

तिची जुनी फाइल काढली. नोकरी सोडतानाच्या फॉर्मवर कारण होतं ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’. बहुतेक सगळे हेच लिहितात, त्यातून काही कळत नाही. त्याच कागदावर शेवटी एक रकाना असतो: पुन्हा घेण्यास योग्य, हो किंवा नाही. साहेब तो भरतात, आणि जाणाऱ्याला त्याची सहसा कल्पनाही नसते. तिथे ‘नाही’ असेल, तर मेसेज कितीही छान लिहिलेला असो, गाडी तिथेच अडते. नोटीस अर्धवट टाकून गेलेल्यांच्या फाइलवर हे ‘नाही’ हमखास दिसतं. हिनं साठ दिवस पूर्ण भरले होते आणि प्रत्येक ड्रॉइंग पुढच्या माणसाला समजावून दिलं होतं. रकान्यात ‘हो’ होतं.

खरं कारण साहेबांना ठाऊक होतं. ट्रायलच्या वेळी शॉप फ्लोअरवर आणि ग्राहकाच्या बैठकीला आपल्याला न्यावं, असं ती दोन वर्षं सांगत होती. आम्ही नेलं नाही. चूक आमची होती. आता त्याच खुर्चीत बसवलं असतं, तर तीच कुचंबणा पुन्हा सुरू झाली असती आणि सहा-आठ महिन्यांत दुसरा राजीनामा आला असता. असं होताना मी पाहिलं आहे, आणि दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंची मनं जास्त दुखावतात.

साहेबांनी तिला फोन करून सगळं नीट लिहून पाठवायला सांगितलं. दुसरा मेसेज आला तो असा: ‘सर, मी गेले कारण मला ट्रायलवर काम करायचं होतं. इथे पगार वाढला, पण काम फक्त स्क्रीनवरचं आहे, बनलेलं फिक्श्चर मला कधी दिसत नाही. तुमच्याकडे ट्रायलची जबाबदारी असलेली जागा असेल तर मला यायचं आहे. माझी नोटीस ९० दिवसांची आहे.’ का गेली, काय बदललं, काय हवं आणि कधी येऊ शकते, हे सगळं त्यात होतं. आता उत्तर देता येत होतं.

अवघड गाठ पगाराची होती. आमच्याकडून जाताना तिला ६० हजार होते, तिकडे ७८ हजार झाले. तिच्याबरोबरचे जे इथेच राहिले, ते ६६ हजारांवर होते. तिला ७८ देऊन त्याच पदावर घेतलं असतं, तर राहिलेल्यांना आम्हीच जाऊन यायला शिकवलं असतं. त्यामुळे पद वरचं, ट्रायलची जबाबदारी लेखी आणि पगार ७४ हजार असं ठरलं. ४ हजार कमी घ्यायला ती कबूल झाली. त्याच वरच्या पदासाठी जुन्यांपैकी एकाचा विचार आम्ही आधी केला, त्याच्याशी बोललो, आणि मगच ऑफर काढली. हे बोलणं टाळलं असतं, तर पुढे तिलाच त्रास झाला असता.

एक हिशोब मात्र परत येणाऱ्यानं स्वतःच विचारायला हवा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात. राजीनाम्यानं ती साखळी तुटते आणि परत आल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होते. तिचं मूळ वेतन ३० हजार होतं. १५ भागिले २६ या हिशोबानं वर्षाचे साधारण १७,३०० आणि ४ वर्षांचे सुमारे ६९ हजार होतात. ५ वर्षं न भरल्यामुळे ते तिला मिळालेच नव्हते. कंपनीनं करारानं यापेक्षा चांगली सवलत द्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण ती मागावी लागते आणि ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावी लागते. पीएफचं तसं नाही. यूएएन तोच राहतो. तिनं मधल्या काळात पैसे न काढता खातं नव्या कंपनीत ट्रान्सफर केलं होतं, म्हणून पेन्शनला लागणाऱ्या १० वर्षांत तिची आधीची वर्षंही धरली जातील.

तिनं मागितलं. वरिष्ठांनी आठवडा घेतला आणि ऑफर लेटरमध्ये एक वाक्य वाढवलं: ग्रॅच्युइटीसाठी आधीची ४ वर्षं २ महिने सेवेत धरली जातील. नव्वद दिवसांनी ती रुजू झाली आणि त्याच आठवड्यात साहेबांबरोबर चाकणला पहिल्या ट्रायलला गेली.