शेऱ्याला जागा दोन ओळींची

सकाळी ७.४०
काचीगुड्याच्या स्टॉपवर बाई सिटीबसमध्ये चढतात. कंडक्टर आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना या बस फुकट आहेत. मुसीचा पूल ओलांडून बस मलकपेठेत शिरते. बाईंच्या पिशवीत तिसरीच्या ३८ मुलांची प्रगतिपुस्तकं आहेत. काल मोठ्या बाईंनी ती शेरे नव्याने लिहायला परत केली. उद्या पालकसभा आहे.

८.१५
स्टाफरूम. बाई जुने शेरे वाचून दाखवतात. ‘गुड’, ‘कॅन डू बेटर’, ‘केअरलेस इन मॅथ्स’. खाडाखोड केलेलं पान चालत नाही, म्हणून वरून पांढरं लेबल चिकटवायचं. लेबलांचं पाकीट ३० रुपये, बाईंच्याच पर्समधून.

११.२०
मोकळा तास. ‘केअरलेस’ शेऱ्याच्या मुलाची स्लिप टेस्ट बाई पुढ्यात ओढतात. ६४ वजा २८, उत्तर ३६. बरोबर. ५०३ वजा २७८, उत्तर १३५. चूक, २२५ हवं. ४०२ वजा १५६, उत्तर १५६. २४६ हवं. ६०२ वजा ३४७, उत्तर १६५. २५५ हवं.

बाई समासात फरक मांडतात. ९०. ९०. ९०.

निष्काळजी मूल दर वेळी वेगळं चुकतं. हा एकाच जागी, एकाच रीतीने चुकतोय. दशकाच्या घरात शून्य आलं की तो शतकातून एक उसना घेतो आणि थेट एककाला देतो. शंभर मोडले, पण एककात पोचले दहाच. मधले नव्वद हरवले. दशकासाठी तो शतकातून पुन्हा उसना घेतो, तो मात्र बरोबर बसतो. म्हणून तूट नेमकी नव्वदचीच.

बाई कच्च्या कागदावर लिहितात. शेरा सोप्या इंग्रजीत आहे, मराठीत तो असा: ‘हातच्याची साधी वजाबाकी बरोबर करतो. मध्ये शून्य आलं की अडतो, उदा. ५०३ – २७८. घरी शंभराची नोट आधी दहाच्या नोटांत, मग दहाची नोट सुट्ट्या रुपयांत मोडून घ्यावी, रोज दोन गणितं.’

जमतं काय, अडतं कुठे, घरी करायचं काय. तीन वाक्यांच्या वर लेबलात मावत नाही.

१.००
डबा. पोळी, वांग्याची भाजी. नांदेडच्या झेडपी शाळेत शिकवणाऱ्या मावसबहिणीशी फोन. तिकडे या शेऱ्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतात. विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक असे रकाने असतात. तयार नोंदींची यादीही मिळते. “यादी घेतलीस की सगळी पोरं सारखीच दिसायला लागतात,” बहीण म्हणते.

१.३०
एका मुलीच्या पुस्तकावर ‘शाय गर्ल’ आहे. ते झाकायचं. हा स्वभाव झाला. त्याचं आईबापांनी काय करायचं? बाई वर्गात पाहिलेलं लिहितात: ‘शेजारणीला धडा नीट समजावून सांगते. वर्गासमोर उभं राहिल्यावर आवाज खाली जातो. घरी रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा.’ ‘कधीच बोलत नाही’ असं लिहीत नाहीत. ते खरं नाही, आणि पालक तो ‘कधीच’ तेवढा धरून बसतात.

३.४५
शाळा सुटते. एका शेऱ्याला सहा मिनिटं धरली तरी ३८ मुलांचे पावणेचार तासांच्या वर होतात. त्यातला वेळ लिहिण्यात कमी जातो, वह्या उघडून पाहण्यात जास्त.

५.१०
वजाबाकीवाल्या मुलाचे वडील आजच येतात. गंजात कांद्याच्या अडतीवर काट्याशी बसतात. उद्या गाड्या उतरायच्या आहेत, सुट्टी घेतली तर दिवसाची मजुरी जाते. इंग्रजी वाचता येत नाही. बाई शेरा हिंदीत सांगतात, टेबलावर पाचशे तीन रुपये मांडतात आणि शंभराची नोट मोडून दाखवतात.

“ये तो हम रोज करते, मॅडम.”

“तर मग तुम्हीच शिकवा त्याला,” बाई हिंदीतच म्हणतात.

“पास हो जाता ना?”

“होईल. पण लांब भागाकारात पायरीपायरीला वजाबाकी लागते. तिथे हेच आडवं येईल. त्याआधी बसवून घ्या.”

नापासाची भीती नाही, खोटा दिलासाही नाही. ते नोटा कशा मोडायच्या ते पुन्हा एकदा विचारून घेतात आणि निघतात.

रात्री ९.४०
घरी, जेवणानंतर. शेवटची चार लेबलं उरली आहेत. एका मुलाबद्दल काहीच आठवत नाही. मधल्या बाकावरचा, ना हुशार ना दंगेखोर. बाई लेबल कोरं ठेवतात. सकाळी आधी त्याची वही बघायची, मग लिहायचं. पगार १६ हजार, यातल्या कशाचेही वेगळे पैसे नाहीत.

तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष द्यावे’ एवढंच लिहिलेलं असेल तर मुलाला रागावू नका. पालकसभेत वही मागा आणि विचारा: नेमकं कोणतं गणित?