उकळत्या तेलात पाणी पडले की

तळणीचे तेल साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअस तापलेले असते; पाणी 100 अंशांनाच उकळते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने थेंब तळाकडे जातो आणि तिथेच क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते, म्हणून ती वरचे तेल उसळवत बाहेर पडते. फ्रोझन कटलेटवरचा बर्फाचा भुगा सर्वांत वाईट, कारण तो सगळाच्या सगळा एकदम वितळून उकळतो. कढई काठोकाठ भरलेली असेल, तर फेसाळलेले तेल उतू जाऊन शेगडीवर पेटते.

म्हणून कढई अर्ध्याहून कमीच भरावी. कटलेटवरचा भुगा झटकावा. बोंबलासारखी पाणीदार मासळी वजनाखाली दाबून, फडक्याने टिपून मगच घोळवावी. एका वेळी थोडेच तुकडे झाऱ्यावरून, कडेने, आपल्यापासून दूरच्या बाजूला सोडावेत. तडतड अचानक वाढून फेस काठाकडे चढू लागला, तर गॅस लगेच बंद करावा. तेल पेटलेच, तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये आणि कढई हलवू नये. गॅस बंद करून धातूचे झाकण ठेवावे व तेल निवेपर्यंत ते काढू नये.