गुणाकार करण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

उत्तरपत्रिका दाखवली त्या दिवशी तू विचारलंस, "सर, आकडेमोडीत एकही चूक नाही, मग आठपैकी तीनच गुण कसे?" वर्गात गर्दी होती, त्यामुळे तेव्हा नीट बोलता आलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण तू जिथे चुकलीस तिथे तुझ्याहून कितीतरी अनुभवी माणसं चुकली आहेत आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागली आहे.

आधी प्रश्न पुन्हा वाचू. एका गावाच्या नळपाणी योजनेत नदीकाठच्या जॅकवेलवर दोन पंप आहेत. गावाला पाणी मिळायला त्यातला एक चालू असला तरी पुरतं. वर्षातले १० टक्के दिवस मुसळधार पावसाचे असतात. अशा दिवशी प्रत्येक पंप बंद पडण्याची संभाव्यता ०.४०, तर इतर दिवशी ०.०२. दिवस पावसाचा आहे की कोरडा हे एकदा ठरलं, की त्या दिवशी दोन्ही पंप एकमेकांपासून स्वतंत्रपणे बंद पडतात. तर मग कोणत्याही एका दिवशी दोन्ही पंप बंद असण्याची संभाव्यता किती?

तू सुरुवात छान केलीस. एक पंप बंद असण्याची एकूण संभाव्यता काढलीस: पावसाचे दिवस ०.१० × ०.४० = ०.०४०, कोरडे दिवस ०.९० × ०.०२ = ०.०१८, बेरीज ०.०५८. तुझे तीन गुण इथलेच आहेत. पुढे तू लिहिलंस, "दोन्ही पंप स्वतंत्र आहेत, म्हणून ०.०५८ × ०.०५८ = ०.००३४." तुझं उत्तर खरं मानलं तर हजार दिवसांत तीन-चार दिवसच गाव पाण्यावाचून राहील.

आता सूत्र बाजूला ठेव आणि हेच हजार दिवस मोजून बघ. त्यातले १०० पावसाचे. त्या शंभरात पहिला पंप ४० दिवस बंद राहील आणि त्या चाळिसातल्या १६ दिवशी दुसराही बंद असेल. उरलेल्या ९०० कोरड्या दिवसांत पहिला १८ दिवस बंद आणि त्या अठरांत दुसराही बंद असण्याचा हिशेब जेमतेम ०.३६ दिवसाचा. म्हणजे हजार दिवसांत दोन्ही पंप बंद असण्याचे दिवस १६.३६. बरोबर उत्तर ०.०१६४, तुझ्या उत्तराच्या जवळजवळ पाचपट.

तुझं म्हणणं होतं की पंप स्वतंत्र आहेत हे प्रश्नातच दिलंय. दिलंय खरं, पण दिवस कसा आहे हे ठरल्यानंतरचं. पावसाच्या दिवशी आत गुणाकार करायची परवानगी आहे: ०.४० × ०.४०. कोरड्या दिवशीही आहे: ०.०२ × ०.०२. पण दिवस कुठला हेच माहीत नसताना गुणाकार करायची परवानगी प्रश्नाने दिलेली नाही. दोन्ही प्रकारच्या दिवसांत आपापल्या जागी स्वतंत्र असलेल्या घटना, ते दिवस एकत्र केले की स्वतंत्र राहतीलच असं नाही. इथे राहिल्या नाहीत, कारण दोन्ही पंपांवर पाऊस एकच पडतो. नदीला पूर आला की गाळ दोन्हीकडे शिरतो, आणि लाइन गेली की दोन्हींची जाते.

घटना स्वतंत्र आहेत का हे ओळखायची एक खात्रीची कसोटी आहे. एकीची बातमी कळल्यावर दुसरीबद्दलचा तुझा अंदाज बदलतो का? तू गावात घरी आहेस आणि ऑपरेटरने फोनवर एवढंच सांगितलं, की पहिला पंप बंद आहे. दुसऱ्या पंपाबद्दल तुला काय वाटेल? हजारातल्या ज्या ५८ दिवशी पहिला बंद असतो, त्यातले ४० पावसाचे आहेत. म्हणजे आज पाऊस असण्याची शक्यता एका फोनने १० टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेली. त्या ५८ पैकी १६.३६ दिवशी दुसराही बंद असतो, म्हणजे सुमारे २८ टक्के. फोन येण्याआधी हाच आकडा ५.८ टक्के होता. पहिल्या पंपाने दुसऱ्याला हातही लावलेला नाही, तरी त्याची बातमी दुसऱ्याबद्दल बरंच काही सांगून गेली. दोन घटनांमध्ये कार्यकारणाचा थेट धागा नसला, तरी दोघींच्या मागे एकच कारण उभं असलं की त्या स्वतंत्र राहत नाहीत.

अवलंबित्वामुळे खरं उत्तर नेहमी गुणाकारापेक्षा मोठंच येतं, अशी समजूत मात्र करून घेऊ नकोस. पत्त्यांच्या जोडातून दोन पानं ओढलीस, पहिलं परत न ठेवता, तर दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता ४/५२ × ३/५१, म्हणजे २२१ मध्ये एक. स्वतंत्र धरून काढलीस तर १६९ मध्ये एक येईल, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त. एक एक्का गेल्यावर दुसऱ्याची शक्यता घटते. चूक कोणत्या दिशेला होईल हे प्रसंगावर ठरतं, म्हणून 'थोडं इकडेतिकडे होईल' म्हणून ती सोडून देता येत नाही.

आता परीक्षेच्या बाहेरची गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या सॉलिसिटर होत्या. १९९६ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा पहिला मुलगा तान्हेपणीच अचानक दगावला, १९९८ च्या जानेवारीत दुसरा. दोन्ही मुलांच्या खुनाचा आरोप आईवर आला. खटल्यात रॉय मेडो या नामवंत बालरोगतज्ज्ञांनी साक्ष दिली, की अशा सुस्थितीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या कुटुंबात बाळ असं अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक आहे, म्हणून दोन बाळं दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून बघ, तोच आकडा येतो. तू तुझ्या उत्तरपत्रिकेत केलंस तेच साक्षीच्या पिंजऱ्यात झालं. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना जन्मठेप झाली.

आपली कसोटी इथे लाव. एका घरात एक बाळ असं दगावलं, ही बातमी त्याच घरातल्या दुसऱ्या बाळाबद्दल काही सांगते का? सांगते. भावंडांची आनुवंशिकता एका घरातून येते, आईवडील तेच, घर तेच. आज विज्ञानाला ठाऊक नसलेलं एखादं कारण असलं तर ते दोघांनाही लागू असू शकतं. जॅकवेलवर जो पाऊस, तो इथे कुटुंब. दोन मृत्यू स्वतंत्र आहेत असं मानायला कुणाकडेही पुरावा नव्हता. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून सांगितलं, की या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नाही.

त्या खटल्यात दुसरीही एक चूक दडलेली होती. आकडा बरोबर असता, तरी 'असे दोन मृत्यू होणं फार दुर्मिळ' याचा अर्थ 'आई निर्दोष असण्याची शक्यता तेवढीच कमी' असा होत नाही. आईने दोन बाळांना मारणंही अतिशय दुर्मिळच असतं. तुलना या दोन दुर्मिळ शक्यतांची व्हायला हवी होती. हा विषय पुढच्या सत्रात येईल तेव्हा हे प्रकरण आठव.

२००३ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्याचं मुख्य कारण वैद्यकीय होतं: दुसऱ्या बाळाच्या शवचिकित्सेतले जंतुसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते. पण तो आकडा ज्युरीसमोर तशा रीतीने यायलाच नको होता, हेही न्यायालयाने नमूद केलं. सॅली क्लार्क तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होत्या. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग स्वतंत्र आहेत असं कधी धरायचंच नाही का? धरायचं, पण कारण सांगून. नाणं दोनदा उडवलं तर पहिल्या उडीची आठवण नाण्याला राहत नाही. इथे खुशाल गुणाकार कर. दहा लाख मतदारांतून दोन जण चिठ्ठ्या टाकून निवडलेस तर पहिला बाजूला काढल्याने प्रमाण इतकं कमी बदलतं, की स्वतंत्र धरलं तरी चालतं; फक्त हा अंदाज आहे असं लिहायचं. आणि ज्या प्रश्नात कारण सापडत नाही तिथे गुणाकार करायचाच नाही. तिथेही हात रिकामे नसतात. दोन्ही पंप बंद असण्याची संभाव्यता एक पंप बंद असण्याच्या संभाव्यतेपेक्षा जास्त कधीच असू शकत नाही. नुसतं ०.०५८ माहीत असेल आणि पंपांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते माहीत नसेल, तर प्रामाणिक उत्तर एवढंच, की संभाव्यता शून्य ते ०.०५८ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. ०.००३४ हा त्या पट्ट्यातला एक बिंदू. तोच का, हे सांगता आलं पाहिजे.

म्हणून पुढच्या पेपरात गुणाकाराच्या आधी एक ओळ लिही: या घटना स्वतंत्र का आहेत, किंवा कोणत्या अटीखाली स्वतंत्र आहेत. त्या ओळीला गुण असतात. शिवाय ती लिहायला गेलीस की चूक असेल तर तिथेच अडखळशील, कारण "कोरड्या दिवशी" किंवा "पावसाच्या दिवशी" हे शब्द आपोआप लिहावे लागतील.

सोमवारी येताना एवढं सोडवून आण. ग्रामपंचायतीने त्याच जॅकवेलवर, त्याच लाइनवर तसाच तिसरा पंप बसवला. तिन्ही बंद असण्याची संभाव्यता किती? ०.०५८ चा घन केलास तर सुमारे ०.०००२ येईल आणि गाव निर्धास्त झालं असं वाटेल. दिवस वेगळे करून मोजलंस तर ०.००६४ येईल, म्हणजे तीसपटीहून अधिक. अवयव वाढत जातात तशी स्वतंत्र धरण्याची चूकही फुगत जाते. त्याच कागदाच्या खाली हेही लिही, की तिसरा पंप तिथेच बसवण्याऐवजी तो पैसा कुठे खर्च केला तर १६ दिवसांचा आकडा खरोखर खाली येईल. उत्तर पावसाळ्यात शोध, पंपात नाही.

तुझे
सर